आधी चूक, मग दुरुस्ती

गुरुजी कधीच कुठल्या शाळेत शिकवायला नव्हते. जुन्या रेकॉर्डी विकता विकता त्यांना हे नाव चिकटलं, आणि चिकटवलं गिऱ्हाइकांनीच. माणूस रेकॉर्ड घेऊन यायचा, निकाल लागायची वाट बघत काउंटरपाशी उभा राहायचा, आणि बहुतेक वेळा नापास झालेल्या पोराच्या बापासारखा तोंड पाडून जायचा.

मार्क द्यायची त्यांची पद्धत ठरलेली. रेकॉर्ड कडेने धरायची, बोटाचा ठसा खोबणीवर उमटू द्यायचा नाही. टेबलावरच्या पिवळ्या दिव्याखाली तिरकी करून हळूहळू फिरवायची. कागदी पाकिटातून काढता-घालता उमटलेले केसाएवढे ओरखडे अशा उजेडातच दिसतात. ट्यूबलाइटखाली तर भंगारसुद्धा नवं दिसतं. ओरखडा दिसला की त्यावरून नख अलगद फिरवायचं. नखाला लागला तर सुईलाही लागणार. मग मधल्या भोकाभोवती बघायचं. रेकॉर्ड लावताना यंत्राची खुंटी भोक शोधत लेबलवर चाचपडते आणि बारीक चकचकीत रेघा सोडते. "मालक काहीही सांगू दे," गुरुजी म्हणायचे, "कितीदा वाजली ते भोक सांगतं." शेवटी रेकॉर्ड डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून वाकली आहे का ते बघायचं. कव्हरचे मार्क वेगळे, कारण कव्हर आणि रेकॉर्ड यांची आयुष्यं नवरा-बायकोसारखी, एकत्र असूनही वेगवेगळी झिजलेली.

श्रेणी ठरलेल्या होत्या. कोरी, जवळपास कोरी, फार चांगली, चांगली. नवख्या गिऱ्हाइकाला इथे हमखास ठेच लागायची. या धंद्यात 'चांगली' म्हणजे वाईट. 'चांगली' म्हणजे वाजते, पण सोबत कुणीतरी शेंगदाणे भाजत असल्यासारखं ऐकू येतं.

गुरुजींनी एखाद्या रेकॉर्डीला 'जवळपास कोरी' म्हटलं की परगावची माणसं न बघता पैसे पाठवत. भारी मालासोबत ते स्वतःच्या हाताने लिहिलेलं, सही केलेलं कार्ड देत. दुकानातला सगळा माल जळला असता तरी गुरुजी पुन्हा उभे राहिले असते. पण कार्डावरचा विश्वास गेला असता तर दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचं कारण उरलं नसतं. हे त्यांना माहीत होतं आणि पार्सलं बांधणाऱ्या त्यांच्या बायकोलाही. फरक एवढाच, की ती ते बोलून दाखवायची.

त्या दिवशी दुपारी ती खोक्याला चिकटपट्टी लावत म्हणाली, "आज पाच वाजता तुमचे दातवाले येणार ना?"

"हो. कार्ड नव्याने लिहून हवंय त्यांना. लिलावाला पाठवतायत."

"उलटी लेबलंवाली?"

"तीच."

दातवाले म्हणजे दातांचे डॉक्टर, दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. लोकांच्या दाढांतून निघालेला पैसा त्यांनी रेकॉर्डींत भरला होता. त्यांच्या कपाटात गुरुजींची एकेचाळीस कार्डं होती, आणि त्यांतलं सगळ्यात मानाचं कार्ड त्या उलट्या लेबलांच्या रेकॉर्डीचं.

ती होती एका क्लॅरिनेटवाल्याची. त्याने आयुष्यात एकच रेकॉर्ड काढली, एका छोट्या कंपनीकडून. कंपनी बुडाली, तो वारला, आणि तीस-पस्तीस वर्षांनी कुणा तरुण वादकांनी ती कुठूनशी ऐकून डोक्यावर घेतली. तेव्हापासून शोधाशोध सुरू झाली. नुसती दुर्मिळ म्हणून वस्तू महाग होत नाही. त्यासाठी ती हवीहवीशी वाटणारी माणसं वस्तूपेक्षा जास्त असावी लागतात. गुरुजींकडे एका बँकेच्या कर्मचाऱ्यांच्या समूहगानाची रेकॉर्ड होती. साऱ्या जगात पन्नास प्रती. अकरा वर्षं तशीच पडून होती. फुकट देऊ केली तर लोक घड्याळ बघायला लागत.

क्लॅरिनेटवाल्याच्या काही प्रतींवर लेबलं उलटी लागली होती. पहिल्या बाजूचं दुसरीवर, दुसरीचं पहिलीवर. गुरुजींचा यावर सिद्धांत होता: आधी चूक, मग दुरुस्ती. चूक झाली, कुणाच्या तरी लक्षात आली, सुधारली. म्हणजे चुकीच्या प्रती सगळ्यात आधीच्या. म्हणजे पहिली छपाई. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांना दिलेल्या कार्डावर त्यांनी तसं ठळक लिहिलं होतं, आणि तेव्हापासून सगळे संग्राहक तेच म्हणत होते. कुठे वाचलं असं विचारलं तर सांगत, गुरुजींचं कार्ड आहे.

तीनच्या सुमाराला दार ढकलून एक म्हातारी आत आली. पाठीत किंचित वाकलेली, पण हात मजबूत, मनगटावर भाजल्याचे जुने पांढरे डाग. काखेत कापडी पिशवी.

"इथे जुन्या रेकॉर्डी घेतात म्हणे?"

"घेतो, मावशी. बसा. काय आणलंय?"

"एकच आहे. मुलाकडे राहायला चाललेय. सून म्हणाली, ट्रंक नको, फार तर बॅग आणा. तेव्हा निघाली तळातून."

कव्हरचा कोपरा कसरीने खाल्ला होता आणि कडेची शिवण उसवली होती. गुरुजींनी कव्हरवरचं क्लॅरिनेट ओळखलं आणि चेहरा दगडाचा केला. घेणाऱ्याने डोळे चमकू दिले की भाव वाढतो, हे तीस वर्षांत त्यांच्या अंगात मुरलं होतं.

त्यांनी रेकॉर्ड बाहेर काढली. लेबलं बरोबर होती, म्हणजे त्यांच्या हिशेबी नंतरची, साधी प्रत. त्यांनी ती दिव्याखाली धरली आणि फिरवता फिरवता थांबले. पाकिटाचे दोन-तीन केसाएवढे ओरखडे सोडले तर काहीच नाही. भोकाभोवती एकही रेघ नाही.

"मावशी, ही कधी वाजवली नाही?"

"कशावर वाजवू? आमच्याकडे ते यंत्र कधी नव्हतंच."

"मग घेतली कशाला?"

"घेतली कुठे? कारखान्यात मिळाली. प्रेसवर होते मी, रेकॉर्डी दाबायच्या. पहिला लॉट निघाला तेव्हा फोरमनने एकेक दिली. म्हणाला, तसंही कोण घेणार आहे हे!"

गुरुजी हसले. मग सवयीने त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत बघितलं. गाणं संपल्यावर सुई जिथे गोल गोल फिरत राहते त्या पट्टीत साच्याचे आकडे कोरलेले असतात. क्लॅरिनेटवाल्याच्या पाच प्रती त्यांच्या हातून गेल्या होत्या, उलट्या आणि सुलट्या मिळून. पाचांवरही कंपनीच्या आकड्यांनंतर एक छोटा दोन होता. सगळ्यांवर दोनच असल्यामुळे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, की पहिलं ध्वनिमुद्रण बिघडलं असेल आणि दुसरं वापरलं असेल.

या रेकॉर्डीवर एक होता.

त्यांनी भिंग पुसलं. परत बघितलं. रेकॉर्ड पालटली. त्या बाजूलाही एक.

"पहिला लॉट म्हणालात ना? म्हणजे दुसराही होता?"

"होता की. पहिला दोनशेचा. त्यातल्या दीडशे त्या वाजवणाऱ्याने स्वतःच उचलल्या आणि नातेवाइकांना वाटल्या. आता नातेवाईक फुकटातली वस्तू कशी सांभाळतात ते तुम्हाला सांगायला नको. मग वर्षभराने रेडिओवर लागलं त्याचं काहीतरी, तेव्हा दुसरा लॉट काढला. तोवर जुने साचे गंजले होते, म्हणून नवे लावले."

गुरुजींनी भिंग काउंटरवर ठेवलं.

"आणि लेबलं? काही रेकॉर्डींवर लेबलं उलटी लागलीत."

म्हातारीने पदराने तोंड पुसलं आणि ती खुदकन हसली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"का?"

"अहो, ती मीच लावली! लेबल काही नंतर चिकटवत नाहीत, प्लास्टिकच्या गोळ्यासोबतच दाबलं जातं. खाली एक ठेवायचं, वर एक, मध्ये तापलेला गोळा, आणि धाडकन दाबायचं. दोन गठ्ठे असतात, डावीकडे खालचा, उजवीकडे वरचा. दुसऱ्या लॉटच्या पहिल्याच सकाळी मी गठ्ठे उलटे ठेवले. मुलाला ताप होता, डोकं ठिकाणावर नव्हतं. साठेक निघाल्यावर तपासनिसाने धरलं. निम्म्याअधिक मोडून परत भट्टीत घातल्या, बाकीच्या खोक्यांत गेल्या होत्या त्या गेल्या. माझा एक दिवसाचा पगार कापला मेल्यांनी."

म्हणजे गुरुजींचा सिद्धांत अगदीच खोटा नव्हता. चूक आधी झाली होती आणि दुरुस्ती नंतर, पण दुसऱ्या लॉटमध्ये. त्याच्याही आधी दोनशे बिनचूक रेकॉर्डी निघून कुंड्यांखाली आणि माळ्यांवर गेल्या होत्या, आणि त्यांतली एकही गुरुजींना कधी दिसली नव्हती. पाच प्रती बघून त्यांनी साऱ्या जगाचा नियम केला होता. साच्याचा आकडा समोर ढळढळीत असताना त्याला आपल्या सिद्धांताच्या सोयीचा अर्थ लावला होता. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्यांनी त्याला 'चांगली' श्रेणी दिली असती.

"काय देणार?" म्हातारीने विचारलं. "जे येईल ते द्या. बसभाडं सुटलं तरी पुरे."

"एक मिनिट हं, मावशी." गुरुजी मागच्या खोलीत गेले.

बायकोने सगळं ऐकलं होतं. त्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा होता.

"बसभाड्यात देतेय," ती हळू आवाजात म्हणाली. "सुलट्या लेबलांची म्हणून घेऊन टाका. तिला कुठे माहीत आहे?"

"आणि पाच वाजता?"

"पाच वाजता कार्ड लिहा. चार वर्षं तेच लिहिलंय. आज कोण भिंग घेऊन तुमच्या मागे लागणार आहे?"

तिने कात्री खाली ठेवली.

"माझा सल्ला घ्यायला आला होतात, की कुणीतरी वाईट बोलावं म्हणून?"

"दुसरं."

"मग बोलले मी. जा आता बाहेर. आणि तिला चहा विचारा, मघापासून कोरडीच बसवलीय बिचारीला."

गुरुजी बाहेर आले. म्हातारीला त्यांनी सरळ सांगितलं, की ही खरी पहिली छपाई आहे, अशी प्रत त्यांनी कधी पाहिलेली नाही, त्यामुळे भाव त्यांना माहीत नाही आणि बसभाड्यात ती घ्यायची त्यांची हिंमत नाही. लिलावात ठेवावी, आपण आपली नेहमीची दलाली घेऊ, बाकी सगळं तुमचं. म्हातारीने हे ऐकून आधी संशयाने बघितलं. भाव पाडणारे दुकानदार तिने पुष्कळ पाहिले होते, चढवणारा पहिलाच.

"त्याआधी एक करावं लागेल," गुरुजी म्हणाले. "वाजवून बघावी लागेल. नुसत्या डोळ्याने दिलेले मार्क अर्धे असतात."

"वाजवली तर जुनी होईल ना?"

"चांगल्या सुईने एकदा वाजवून काही होत नाही. आणि न ऐकता मी कार्ड लिहीत नाही." हे म्हणताना त्यांना आठवलं, की डॉक्टरांचं कार्ड त्यांनी ऐकून, बघून, सगळं करून लिहिलं होतं. तरीही ते चुकलंच होतं.

त्यांनी रेकॉर्ड ब्रशने पुसली आणि सुई ठेवली. दोन-तीन बारीक टिकटिक, मग शांतता, आणि त्या शांततेतून क्लॅरिनेट असं वर आलं की पडदा बाजूला करून बायकोसुद्धा बाहेर येऊन उभी राहिली. ताज्या साच्याचा आवाज. दुसऱ्या छपाईत जे जरा धुरकट वाटायचं ते इथे स्वच्छ होतं, वाजवणाऱ्याचा श्वाससुद्धा कळत होता. म्हातारी मांडीवर हात ठेवून ऐकत होती. दिवसाला चारशे रेकॉर्डी काढणाऱ्या बाईने आपण काढलेली एक रेकॉर्ड पहिल्यांदाच ऐकली.

दुसऱ्या बाजूला, गाण्याच्या मध्यावर, कापड फाटल्यासारखा आवाज सुरू झाला. चर्र, चर्र, प्रत्येक फेरीला. गुरुजींनी दिवा जवळ घेतला. ओरखडा नव्हता.

"गोळा थंड होता," म्हातारी म्हणाली. "खोबणीत पुरता भरला नाही. सकाळच्या पहिल्या दहा-वीस अशाच निघायच्या. म्हणून तर वाटल्या आम्हाला, नाहीतर फोरमन कसला देतोय!"

गुरुजींनी पेन्सिलीने लिहिलेलं 'जवळपास कोरी' खोडलं. पहिली बाजू, जवळपास कोरी. दुसरी, फार चांगली, कारखान्यातलाच दोष, मध्ये आवाज. कव्हर, चांगली.

"मार्क कापलेत?" बायकोने विचारलं.

"कापले."

"मावशींच्या रेकॉर्डीचेही?"

"आवाज येतोय तर काय करू?"

म्हातारी मात्र खूश झाली. "बरोबर केलंत. आमचा तपासनीस असा असता तर पहिल्याच उलट्या लेबलाला धरलं असतं आणि माझा पगार वाचला असता."

पाचला पाच मिनिटं कमी असताना डॉक्टर आले. बॅग ठेवली, घड्याळ काढून खिशात टाकलं, रेकॉर्ड बघताना ते घड्याळ घालत नसत. त्यांनी आपली उलट्या लेबलांची प्रत आणि चार वर्षांपूर्वीचं कार्ड काउंटरवर मांडलं.

"लिहिलंत का, गुरुजी? लिलाववाल्यांनी तुमच्या सहीचं ताजं कार्ड मागितलंय."

"डॉक्टर, हे कार्ड चुकलंय," गुरुजी म्हणाले. "ही पहिली छपाई नाही. दुसरी आहे."

आणि त्यांनी दोन्ही रेकॉर्डी शेजारी ठेवून भिंग डॉक्टरांच्या हातात दिलं. डॉक्टरांनी बघितलं. एक. दोन. एक. दोन. त्यांचा चेहरा हळूहळू असा झाला, जसा त्यांच्या खुर्चीत बसलेल्या माणसांचा होतो.

"चार वर्षं मी लोकांना सांगत आलो. लेख लिहिलाय मी यावर."

"माझ्या कार्डावरून लिहिलात."

"पण तुमचं कार्ड होतं म्हणूनच लिहिला ना!" डॉक्टर ओरडले. मग म्हातारीकडे बघून ओशाळले. "या कोण?"

"ज्यांनी लेबलं उलटी लावली, त्या," गुरुजींची बायको म्हणाली.

डॉक्टर म्हातारीकडे बघत राहिले. संग्राहकाचा राग मोठा असतो, पण माहितीची हाव त्याहून मोठी. "किती लागली होती उलटी? नक्की आकडा?"

"साठ. निम्म्याअधिक मोडल्या."

"म्हणजे पंचवीस-तीस? बस्स?" त्यांनी आपली प्रत उचलून कडेने धरली, जणू ती नुकतीच जरा नाजूक झाली होती. "लिहून द्याल?"

"देईन की. पण माझा एक दिवसाचा पगार कापला होता त्यापायी. तो आधी द्या."

डॉक्टरांनी खरंच पाकीट काढलं. म्हातारीने तेव्हाचा आकडा सांगितला. तो इतका छोटा होता की डॉक्टरांकडे तेवढे सुटे निघेनात. शेवटी गुरुजींच्या बायकोने गल्ल्यातून काढून दिले. म्हातारीने ते मोजून कनवटीला लावले. मग गुरुजींनी लिहिलेल्या चार ओळींखाली, दिव्याच्या उजेडात, एकेक अक्षर घडवत तिने सही केली.

गुरुजींनी जुनं कार्ड मधोमध फाडलं आणि नवं लिहायला घेतलं. दुसरी छपाई. साचा दोन. लेबलं उलटी, एका सकाळची चूक, पंचवीस-तीस प्रती शिल्लक. श्रेणी पूर्वीचीच, फार चांगली.

डॉक्टरांनी कार्ड वाचलं आणि खिशात ठेवलं. त्यांनी ना आभार मानले, ना पैसे मागितले. म्हातारीच्या रेकॉर्डीकडे त्यांनी तीनदा बघितलं. "लिलावात येईल ना ही? येणार मी. पण भिंग माझं आणीन." दारापाशी जाऊन ते वळले. "गुरुजी, हे एक चुकलं. बाकी चाळीस कार्डांचं काय?"

गुरुजींनी फाडलेल्या कार्डाचे तुकडे गोळा केले.

"सोमवारी घेऊन या," ते म्हणाले. "सगळी."

म्हातारीला त्यांनी पावती लिहून दिली आणि बसपर्यंत सोडायला गेले. वाटेत तिने विचारलं, "तुमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला असं तोंडावर का सांगितलंत? मी काही कोणाला सांगत बसले नसते."

"तपासनीस तुमच्याकडे होता, मावशी. माझ्याकडे कोणी नाही."

तिने मान हलवली. "पगार मात्र कोणी कापणार नाही तुमचा."

"बघू," गुरुजी म्हणाले. "सोमवारी."

सोमवारी डॉक्टर चार खोकी घेऊन आले आणि खुर्ची ओढून समोरच बसले, भिंग हातात. बायकोने पडद्याआडून विचारलं, "चहा दोन टाकू की दिवसभराचा?"

"दिवसभराचा," गुरुजी म्हणाले. त्यांनी पहिली रेकॉर्ड बाहेर काढली, दिवा जवळ ओढला, आणि आपलंच अक्षर असलेलं कार्ड न वाचता पालथं घातलं.